पाहताक्षणी प्रेम : क्षण खरा, अर्थ नंतरचा

‘पाहताक्षणी प्रेमात पडलो’ असे सांगणारे एखादे तरी जोडपे आपल्या नात्यागोत्यात असतेच. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नसतो. प्रश्न एवढाच असतो, की त्या क्षणी त्यांना जे जाणवले त्याला ‘प्रेम’ म्हणावे का? गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न गांभीर्याने तपासला आहे आणि मिळालेले उत्तर कुटुंबातील थोरामोठ्यांनी, तसेच लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी जाणून घेण्याजोगे आहे.

अडचण अशी, की हा अनुभव बहुधा वर्षानुवर्षांनी सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तो घडत असतानाच पकडण्याचा प्रयत्न केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे चारशे जण सहभागी होते, त्यांतील बहुतेक डच व जर्मन तरुण. काहींना अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे दाखवण्यात आली, तर काहींची परिचय-मेळाव्यांत प्रत्यक्ष भेट घडवण्यात आली. त्यानंतर लगेच त्यांना समोरच्या व्यक्तीविषयी प्रश्न विचारले गेले : ओढ किती वाटते, जवळीक किती, बांधिलकी किती, आणि ‘हे पाहताक्षणी प्रेम आहे’ असे वाटते का?

‘होय’ म्हणणारे थोडेच निघाले, तीसच्या आसपास. त्यांच्या उत्तरांतही ज्याला आपण प्रेम म्हणतो त्याच्या खुणा, म्हणजे उत्कटता, जवळीक आणि बांधिलकी, ठळकपणे आढळल्या नाहीत. ठळक होते ते रूपाचे आकर्षण. समोरच्या व्यक्तीच्या देखणेपणाला दिलेला गुण एका पायरीने वाढला, की ‘पाहताक्षणी प्रेम’ म्हणण्याची शक्यता सुमारे नऊपट होत असे. शिवाय दोघांनाही एकमेकांविषयी त्याच भेटीत असे वाटल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही. संख्या लहान, वय कोवळे आणि समाज आपल्यापेक्षा वेगळा. म्हणून हा अंतिम निवाडा मानू नये. परंतु दिशा स्पष्ट आहे : पहिल्या नजरेत जे घडते ते तीव्र आकर्षण असते आणि बहुधा ते एकतर्फी असते.

मग छातीत होणारी धडधड, तळहातांना सुटणारा घाम, कोरडा पडणारा घसा हे काय असते? शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही उत्तेजनाची लक्षणे आहेत. अ‍ॅड्रेनलिन वाढले की ती उद्भवतात, मग कारण भीती असो, धावपळ असो वा आनंद. ही स्थिती स्वतःचे कारण सांगत नाही; ते कारण आपले मन आजूबाजूला पाहून ठरवते आणि कधी चुकीचे ठरवते.

डटन आणि एरन या संशोधकांनी १९७४ साली कॅनडात केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. खोल दरीवरच्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना थांबवून काही प्रश्न विचारले आणि ‘अधिक माहिती हवी असल्यास’ म्हणून आपला दूरध्वनी क्रमांक दिला. तेच तिने जवळच्या एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही केले. क्रमांक घेतलेल्यांपैकी झुलत्या पुलावरील अठरांतल्या नऊ जणांनी नंतर दूरध्वनी केला, भक्कम पुलावरील सोळांतल्या केवळ दोघांनी. दरीच्या भीतीने वाढलेल्या ठोक्यांचे श्रेय काहींच्या मनाने त्या तरुणीला दिले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला. त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत, तरी मूळ मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण, ढोलताशांचा गजर, नवरात्रातला गरबा अशा ठिकाणी भेटलेली व्यक्ती अधिक भावते, त्यात थोडा वाटा त्या जागेचाही असू शकतो.

आता दुसरा प्रश्न. वस्तुस्थिती अशी असताना ही समजूत इतकी टिकून का आहे? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका सुंदर हकिकतीच्या आधारे पाहू. तरुण मुरलीधर आमटे यांनी एका लग्नघरी इंदू घुले यांना पाहिले. समारंभाची गडबड सोडून ती मुलगी एका वृद्ध मोलकरणीला धुण्याच्या कामात मदत करीत होती. ते पाहून, विवाहाच्या विचारापासून दूर असलेल्या आमटे यांनी तिच्याशीच लग्न करण्याचे ठरवले. १९४६ साली दोघे विवाहबद्ध झाले. पुढे आनंदवन उभारणारे बाबा आणि साधनाताई ते हेच.

या हकिकतीत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली, ज्याने बाबांचे मन वळवले ती केवळ मुद्रा नव्हती, ती एक कृती होती. आकर्षण ठरायला क्षण पुरतो, स्वभावाचा अंदाज मात्र वागणुकीवरूनच बांधता येतो. दुसरी, ही हकिकत आपण आज सांगतो याचे कारण त्यानंतरची साठ वर्षे आहेत. कुष्ठरुग्णांच्या सेवेत दोघांनी जे एकत्र सोसले, त्यातून त्या पहिल्या क्षणाला अर्थ आला. अशाच ओढीने सुरू होऊन वर्षभरात विरलेल्या नात्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत बसत नाही. ती ‘वेडेपणा’ म्हणून विसरली जाते. यशस्वी उदाहरणेच तेवढी कानांवर पडत राहिली, की नियम सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

स्मृतीही यात हातभार लावते. ग्रोनिंगनच्या अभ्यासात, आपल्या जोडीदाराशी पाहताक्षणी प्रेम जडले असे सांगणारे लोक आजच्या नात्यातही अधिक उत्कटता नोंदवत होते. आजचे सुख भूतकाळावर प्रकाश टाकते आणि साधी पहिली भेट उजळून निघते, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. सुखी जोडप्यासाठी ही गोड आठवण नात्याला बळ देणारी असते. ती खोडून काढण्याचे कारण नाही.

तर मग अशा ओढीने सुरू झालेला संसार कच्चा असतो का? तसेही दिसत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका डच अभ्यासात १३७ जोडप्यांना त्यांचे नाते कसे सुरू झाले ते विचारले होते. पाहताक्षणी प्रेमात पडलेली जोडपी लवकर एकत्र आली होती आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी कमी जुळणारे होते. तरीही मैत्रीतून वा हळूहळू जवळ आलेल्या जोडप्यांच्या तुलनेत त्यांच्या नात्याचा दर्जा कमी नव्हता.

नवी मुंबईतल्या घरांतून आज पाहण्याचा कार्यक्रमही होतो आणि विवाहस्थळांच्या ॲपवर छायाचित्रे पाहून निवडही होते. दोन्ही ठिकाणी पहिल्या नजरेला फार मोठा अधिकार दिला जातो. ‘काहीच वाटले नाही’ म्हणून चांगले स्थळ पहिल्याच भेटीत नाकारू नये. आणि ‘हीच ती’ किंवा ‘हाच तो’ असे वाटले म्हणून साखरपुड्याची तारीखही काढू नये. आणखी दोन-तीन वेळा भेटावे, एखादी भेट गजबजाटापासून दूर, शांत जागी. बोलण्यापेक्षा वागणे पाहावे : वेटरशी, रिक्षावाल्याशी, घरातल्या वृद्धांशी, आणि आपण ‘नाही’ म्हटल्यावर. पहिल्या ओढीचा आधार घेऊन समोरची व्यक्ती घाई करत असेल, गुप्तता मागत असेल वा पैशांचा विषय काढत असेल, तर तिथेच थांबावे.

आणि पालकांनो, मुलाने वा मुलीने ‘मला पाहताक्षणी ती व्यक्ती आवडली’ असे सांगितले, तर हसू नका आणि रागावूही नका. तिला जाणवलेली ओढ खरी आहे. ‘त्या व्यक्तीचे वागणे कसे आहे?’ एवढेच शांतपणे विचारा. उत्तर देता येत नसेल, तर अजून भेटायला हवे, हे तिचे तिलाच कळेल.