शीतमेघातील ताऱ्याचा जन्म

तारा उष्ण असला, तरी त्याचा जन्म अतिशीत रेण्वीय मेघात होतो, याचे तुम्हाला नवल वाटेल. कारण असे : मेघातील प्रत्येक पुंजात गुरुत्वाकर्षण वायूला आत ओढते, तर वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो. तापमान जितके कमी, तितका हा दाब क्षीण असतो. पुंजाचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले, तरच गुरुत्वाकर्षणाची सरशी होऊन पुंज कोसळतो. या मर्यादेस ‘जीन्स वस्तुमान’ म्हणतात. तापमान तेच राहून घनता शंभरपट झाली, तर ही मर्यादा एकदशांशावर येते. म्हणूनच समान वस्तुमानाच्या दोन पुंजांपैकी विरळ पुंज टिकून राहतो आणि दाट पुंज कोसळू शकतो.

भुजंगधारी तारकासमूहातील ‘बर्नार्ड 68’ हा काळा मेघ पाहा. त्याचे तापमान सुमारे उणे 260 अंश सेल्सिअस आणि वस्तुमान सूर्याच्या सुमारे दुप्पट आहे. मागील ताऱ्यांचा प्रकाश त्यातून येताना किती मंदावतो, हे मोजून संशोधकांनी 2001 मध्ये त्याच्या अंतरंगातील घनता काढली. त्यावरून दाब व गुरुत्वाकर्षण तेथे जेमतेम तोलले गेल्याचे दिसले. या मेघात अद्याप तारा नाही. मात्र बाहेरून थोडा दाब वाढला, तरी हा तोल ढळू शकेल.