लांबलचक अर्जाचे वजन

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास झेरॉक्स आणि टायपिंगची दुकाने असतात. तिथे अर्ज करून घ्यायला आलेला माणूस प्रिंटरमधून निघालेला कागद वाचण्याआधी नजरेने मोजतो. अर्धेच पान भरले असेल तर त्याचा चेहरा पडतो. 'एवढाच? वाढवा की थोडा. साहेबावर वजन पडलं पाहिजे!' टायपिंगवाल्याला गिऱ्हाईक नाराज करायचे नसते. तो 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात करतो आणि 'ही नम्र विनंती' येईपर्यंत पान भरून देतो. (कागदावर ठेवण्याचे आणखीही एक वजन असते, पण तो विषय वेगळा.)

अर्ज जेवढा लांब, तेवढा वजनदार, ही समजूत खेड्यापुरती नाही. ग्रामपंचायतीचे ठराव, पतसंस्थांच्या नोटिसा, शाळेची परिपत्रके, पुढाऱ्यांची निवेदने, सगळीकडे तिचाच अंमल आहे. आणि ती साफ चुकीची आहे. एका बाबतीत तर तिचा थेट फटका बसतो, कारण तिथे शब्दांना मर्यादा घातलेली आहे.

ही बाब म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये आपल्या माहिती अधिकार नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा. केंद्र सरकारच्या त्याच वर्षीच्या नियमांत हीच मर्यादा 500 शब्दांची आहे. म्हणजे जाफराबादच्या अर्जदाराला दिल्लीच्या मानाने तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा मिळते. ती तो कशी खर्च करतो, ते पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या वळणाचा एक नमुना घेऊ:

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी आज रोजी अर्ज करणारा अर्जदार मौजे अमुक गावचा कायम रहिवासी असून, आमच्या गावातील गावकऱ्यांच्या अनेक तक्रारी असल्यामुळे व सदरील रस्ता हा अत्यंत निकृष्ट दर्जाचा झाला असल्यामुळे सदरील रस्त्याच्या कामाबाबतची सविस्तर संपूर्ण माहिती मला मिळणेबाबत कृपया विनंती आहे, ही नम्र विनंती.'

हे पन्नास शब्द झाले. दीडशेतला तिसरा हिस्सा संपला आणि काय हवे आहे ते अजून सांगितलेलेच नाही!

आता एकेक शब्द तपासू. विनंती तीनदा झाली, 'कृपया' धरले तर चारदा. अर्ज करतो तोच अर्जदार असतो, त्याला 'अर्ज करणारा' हे वेगळे विशेषण कशाला? गावकरी गावातलेच असतात. 'मौजे' म्हणजेच गाव, मग 'मौजे अमुक' पुरेसे आहे, पुढचा 'गावचा' फुकट गेला. 'आज रोजी' मधला 'रोज' म्हणजे फारसीत दिवस, आणि आज हा दिवसच असतो. 'दिनांक 5 जून रोजी' मध्येही तेच: दिवस आधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा. 'सदरील' म्हणजे वर उल्लेख केलेला. इथे तो पहिल्यांदा येतो तेव्हा वर कुठल्याच रस्त्याचा उल्लेख झालेला नाही.

तक्रारी आणि निकृष्ट दर्जा यांचा भाग तर मुळातच गैरलागू आहे. माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराने देण्याची गरज नाही, असे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 6(2) सांगते. कारणे लिहून अर्जदार आपलीच जागा अडवतो आणि एक नसता वादही अंगावर ओढवून घेतो, कारण रस्ता निकृष्ट आहे की नाही यावर उत्तर देण्याचा मोह समोरच्याला होतो.

सगळ्यात घात करतो तो 'सविस्तर संपूर्ण माहिती' हा जोड. दोन दणदणीत विशेषणे आहेत, पण नेमका कोणता कागद हवा ते दोन्हींतून कळत नाही. तीस दिवसांच्या मुदतीत 'काम पूर्ण झाले आहे' एवढे एक वाक्य लिहून पाठवले तरी माहिती दिली असे म्हणता येते. मग अपील, मग सुनावणी.

तोच अर्ज असा लिहिता येतो: 'अमुक गाव ते तमुक फाटा रस्त्याच्या 2023-24 मधील कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.' बावीस शब्द. रस्ता कुठला, वर्ष कुठले, कागद कोणते, सगळे आले. राज्याच्या नियमांतल्या अर्जाच्या नमुन्यातही विषय, कालावधी आणि माहितीचे वर्णन एवढेच रकाने आहेत, सोबत नाव, पत्ता, माहिती टपालाने हवी की समक्ष, आणि दारिद्र्यरेषेचा उल्लेख. नम्रतेसाठी रकाना नाही. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले की अर्ज पूर्ण होतो.

मजा अशी की या बावीस शब्दांतही काटछाटीला सोकावलेल्या माणसाचा हात शिवशिवेल. 'मोजमाप' मध्ये मोज आणि माप एकच ना? आहेत. पण मोजमाप पुस्तिका हे अभियंत्याच्या त्या ठरावीक वहीचे नाव आहे, नुसते 'माप पुस्तिका' लिहून कुणाचा फायदा नाही. 'अंतिम देयक' मधला 'अंतिम'ही फालतू नाही, कारण काम चालू असताना निघणारी बिले वेगळी आणि शेवटचे वेगळे. तोच शब्द 'शेवटची अंतिम तारीख' मध्ये मात्र निव्वळ ओझे आहे.

इथून दुसऱ्या गैरसमजाकडे यावे लागते. पुष्कळांना वाटते की हा सारा फापटपसारा फारसी-उर्दूतून आला. त्यात थोडे तथ्य आहे. जाफराबादचा जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, पण हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मौजे, रोजी, सदर, मजकूर हे शब्द महसुली कागदांत तिथूनच नव्हे, तर त्याच्याही आधीपासून रुजलेले आहेत. कचेरीचा शब्द लोकांना कळावा म्हणून शेजारी देशी शब्द ठेवायचा, ही सवय दोन भाषांत कारभार चालणाऱ्या कुठल्याही मुलखात लागते. इंग्लंडमध्ये 1066 नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि तिथल्या कायद्याच्या भाषेतही अशाच जोड्या मुरल्या.

पण म्हणून फारसी शब्द काढून शुद्ध मराठी शब्द घातला की भाषा सुटसुटीत होते, हे खरे नाही. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत जमीन व्यवहाराच्या नोटिशीवर 'जाहीर प्रगटन' असा मथळा असतो. जाहीर करणे म्हणजेच प्रकट करणे. एक शब्द परका, एक आपला, आणि पुनरुक्ती दोघांच्या संगनमताने. नुसते देशी शब्द घेऊनही हेच करता येते: 'कार्यवाही करण्याची कृती करण्यात यावी'. यात एकही परका शब्द नाही आणि एकही धड क्रियापद नाही.

तिसरा गैरसमज याच्या अगदी उलट आहे आणि तो शिकलेल्या लोकांत जास्त आढळतो. एका अर्थाचे दोन शब्द दिसले की एक खोडायचा! अशांनी बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत, अक्कलहुशारी या शब्दांचे काय करायचे ठरवले आहे? मराठी व्याकरणात यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकांत ते उदाहरण म्हणून दिलेले असतात, चूक म्हणून नव्हे. बाजारहाट म्हणजे बाजार अधिक हाट नव्हे. पिशवी घेऊन केलेली घरची सारी खरेदी त्यात येते.

'परत' च्या बाबतीतही घाई नडते. 'पैसे परत वापस केले' किंवा 'तो परत माघारी आला' यांत एक शब्द उघडच जास्तीचा आहे. पण 'तो पुन्हा परत आला' हे वाक्य बरोबर असू शकते. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा आला असेल तर 'पुन्हा' ने खेप सांगितली आणि 'परत' ने दिशा. आधी आलाच नसेल, तर मात्र 'पुन्हा' खोडावा.

आणि ते प्रसिद्ध 'माझे स्वतःचे वैयक्तिक मत'. माझे मत माझेच असते, तेव्हा 'स्वतःचे' कधीच लागत नाही. 'वैयक्तिक' मात्र एका जागी काम करतो. पक्षाचा प्रवक्ता, संस्थेचा अध्यक्ष किंवा सरपंच बोलत असेल, तर हे मत पदाचे नाही एवढे त्या एका शब्दाने कळते. चहाच्या टपरीवर पावसाबद्दल बोलणाऱ्याला तो लागत नाही, कारण त्याचे मत हवामान खात्याचे आहे असा कुणाचाच समज नसतो.

काही ठिकाणी तर तीच गोष्ट दोनदा लिहिणे हाच शहाणपणा असतो. धनादेशावर रक्कम आकड्यात आणि अक्षरांत लिहितात. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी, असे 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 18 सांगते. शेवटचा 'फक्त' पुढे कुणी काही जोडू नये म्हणून असतो. खरेदीखतात गट क्रमांक असूनही चतुःसीमा लिहितात, कारण आकडा एका अंकाने चुकला तरी शेजारच्या शेतांवरून जमीन ओळखता येते. तसेच 'मालकी, कब्जा व वहिवाट' ही तीन नावे एकाची नव्हेत. जमीन एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याकडे असू शकतो, हे भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

राहिलेले किरकोळ. 'विंध्याचल पर्वत': 'अचल' म्हणजेच पर्वत, तेव्हा 'विंध्याचल' पुरे. 'सुस्वागतम्': स्वागतात 'सु' आधीच आहे, कमानीवर नुसते 'स्वागत' लिहिले तर रंग वाचेल. 'सपत्नीक पत्नीसह': बिचारीला दोनदा आणू नये. 'सहकुटुंब सहपरिवार' वर मात्र लग्नपत्रिका वाचणारे उगाच हसतात. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, आणि परिवार म्हणजे बाकीचे गणगोत, तेव्हा मुळात ती दोन वेगळी आमंत्रणे होती.

तेव्हा यापुढे टायपिंगच्या दुकानात बसाल, तर गट क्रमांक, तारीख, वर्ष आणि हव्या असलेल्या कागदाचे नाव घरूनच लिहून न्या आणि अर्जाचे पहिले वाक्य त्यांचेच करून घ्या. टायपिंगवाला पान भरत नाही म्हणून कुरकुरला, तर पान रिकामेच राहू द्या.