टाइल लावण्याआधी भिंतीवर रेघा

आमच्या चुडाव्यात पूर्वी न्हाणी म्हणजे एक शहाबादी फरशी, भोवती कमरेएवढी भिंत आणि पाणी बाहेर जायला मोरी. आता घरोघरी पक्की न्हाणी बांधतात. भिंतीला टाइल लावतात. टाइल नांदेडहून टेम्पोत येते. खोक्यावर बहुधा गुजरातमधल्या मोरबी गावचे नाव असते. टाइल चांगली असते, मिस्त्रीही चांगला असतो. तरी काम झाल्यावर घरधनी दारात उभा राहून म्हणतो, “काहीतरी चुकलंय.” काय चुकले ते मात्र त्याला सांगता येत नाही.

मी हे सांगतो, कारण माझ्याच घरी ते चुकले होते. मिस्त्रीने डाव्या कोपऱ्यापासून टाइल लावायला घेतली. चार टाइल अख्ख्या बसल्या. उजव्या कोपऱ्यात चार बोटे जागा उरली. तिथे खालपासून वरपर्यंत टाइलचे अरुंद तुकडे लागले. मग नळ आला. नळाचा पाइप टाइलच्या कडेपासून बोटभर आत निघाला होता. तिथे भोक पाडताना टाइलचा कोपरा तडकला. दुसरी लावली, तीही तडकली. तिसरीला चीर गेली, पण नळाच्या चकतीखाली ती झाकली, म्हणून तशीच ठेवली. वर फुलांची एक सुंदर पट्टी होती. शॉवरची चावी नेमकी त्या पट्टीवर आली आणि एक फूल अर्धे कापले गेले. शिवाय टाइल चारच फूट उंच लावली होती. आमच्याकडे मुले उभी राहून आंघोळ करतात. दोन पावसाळ्यांत टाइलच्या वरचा गिलावा फुगला आणि रंगाचे पापुद्रे सुटले.

यात मिस्त्रीचा दोष थोडा, माझा जास्त. टाइल कुठे सुरू करायची, कुठे थांबवायची, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

पुढे माझ्या पुतण्याने न्हाणी बांधायला काढली. मी त्याला म्हटले, “टाइल लावायच्या आधी मला बोलाव.” तो म्हणाला, “काका, अजून अवकाश आहे. उद्या तर नळवाला येणार, भिंत खोदणार.” मी म्हटले, “मग आजच बसू.” कारण नळाचा पाइप एकदा भिंतीत गेला आणि वर गिलावा झाला, की नळाची जागा ठरून गेली. मग टाइलला नळाच्या मागे धावावे लागते. आधी टाइलची जागा ठरवली, तर नळ टाइलच्या सोयीने लावता येतो.

आम्ही एक टाइल, मोजपट्टी आणि कोळसा घेऊन न्हाणीत गेलो. मिस्त्रीलाही बोलावले. पहिले काम टाइल मोजण्याचे. दुकानात तिला ‘बारा बाय अठरा’ म्हणतात. पण पट्टी लावून पाहिली, तर ती ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच भरली. म्हणजे बारा इंचांना थोडी कमी आणि अठरालाही थोडी कमी. एका टाइलला हा फरक दिसत नाही, पण चार टाइल एकावर एक लावल्या की एक इंचाहून जास्त होतो. म्हणून दुकानदाराच्या तोंडच्या मापावर हिशेब करू नये. दोन टाइलींच्या मध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवायची होती. तीही हिशेबात धरली.

मग उंची. भिंतीच्या खालच्या भागाला जी टाइल लावतात, तिला मिस्त्री लोक ‘डॅडो’ म्हणतात. डॅडो किती उंच घ्यायचा? पाटावर बसून आंघोळ करणाऱ्या घरात चार फूट चालतो. माणूस उभा राहून डोक्यावर पाणी घेत असेल, तर पाणी डोक्याच्याही वर उडते. तिथे सात फूट हवा. सात फुटांचे दुसरेही कारण आहे. दाराची चौकट बहुधा सात फुटांची असते. डॅडोची वरची कड आणि चौकटीची वरची कड एका रेषेत आली, की न्हाणी नीटस दिसते. सहा फुटांवर थांबलात, तर चौकट फूटभर वर डोके काढून उभी राहते.

सात फूट, म्हणजे सुमारे २१० सेंटिमीटर. पण कुठून मोजायचे? इथे पुष्कळ जण फसतात. त्या दिवशी न्हाणीत नुसती कच्ची जमीन होती. वर माल आणि फरशी येऊन ती आठ सेंटिमीटर वर येणार होती. कच्च्या जमिनीपासून नळ मोजला असता, तर काम झाल्यावर तो आठ सेंटिमीटर खाली दिसला असता. मग बादली नळाखाली जाता जाईना. म्हणून मिस्त्रीने पाण्याची पारदर्शक नळी घेतली. पुढे होणारी फरशी दाराशी जिथे येणार, तिथून बरोबर एक मीटर वर त्याने चारही भिंतींवर एक आडवी रेघ मारली. त्यानंतरचे प्रत्येक माप या रेघेपासून घेतले.

आता पुतण्याने विचारले, “खालून अख्खी टाइल लावत वर जायचं ना?” मी म्हटले, “नाही, वरून खाली यायचं.” न्हाणीच्या फरशीला मोरीकडे उतार असतो. पुतण्याच्या न्हाणीत दारापासून मोरीपर्यंत एक इंच उतार होता. खालची ओळ अख्ख्या टाइलीची घेतली, तर एका टोकाला ती फरशीवर टेकते आणि दुसऱ्या टोकाला खाली इंचभर फट राहते. ती फट सिमेंटने भरली, तर पुढे पाणी तिथूनच मुरते. म्हणून कापलेली ओळ खाली घ्यावी. उतारासारखी कापता येते आणि डोळ्यांतही भरत नाही. वर, जिथे नजर जाते, तिथे अख्खी टाइल राहते.

कोळशाने रेघा मारत आम्ही वरून खाली आलो. दोन ओळी अख्ख्या. मग साडेसात सेंटिमीटरची फुलांची पट्टी. मग पुन्हा दोन ओळी अख्ख्या. फटी धरून खाली उरले साडेएकवीस सेंटिमीटर. मोरीच्या बाजूला उतारामुळे तेच चोवीस. म्हणजे खालचा तुकडा अर्ध्या टाइलीएवढा आला. हे माप चांगले. दोन-तीन इंच उरले असते, तर डॅडो थोडा वरखाली केला असता किंवा पट्टी काढून टाकली असती. पट्टीसाठी कोणी हट्ट धरू नये. सोयीची नसली तर ती नसलेली बरी.

पट्टी फरशीपासून ११२ ते १२० सेंटिमीटरच्या मध्ये आली. ती जागा आम्ही कोळशाने काळी करून टाकली आणि नळवाल्याला सांगितले, “या काळ्या पट्ट्यात काही आणायचं नाही. चावी नको, साबणाचा कोनाडा नको.” चावी खाली ८९ सेंटिमीटरवर घेतली. तिथे टाइलचा बरोबर मध्य येत होता.

मग रुंदी. समोरची कच्ची भिंत भरली १३८ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंतींना गिलावा, माल आणि टाइल मिळून चार-चार सेंटिमीटर जाणार. राहिले १३०. कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर चार टाइल अख्ख्या आणि शेवटी नऊ सेंटिमीटरचा तुकडा. म्हणजे माझ्याच न्हाणीची गोष्ट पुन्हा! म्हणून आम्ही भिंतीचा मध्य काढला आणि एका टाइलीचा मध्य त्यावर धरला. आता मध्ये तीन टाइल अख्ख्या आणि दोन्ही कोपऱ्यांत साडेएकोणीस सेंटिमीटरचे सारखे तुकडे आले. तुकडा अर्ध्या टाइलीहून मोठा असला की तो तुकडा वाटत नाही.

याला थोडा खर्च पडतो, तोही सांगतो. नऊ सेंटिमीटरचे तुकडे एका टाइलीतून तीन निघतात. साडेएकोणीसचा एकच निघतो. त्यामुळे अख्ख्या चार ओळींना त्या भिंतीवर १८ ऐवजी २० टाइल लागल्या. दोन टाइल जास्त. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, दोन टाइल तर फुटण्यातच जातात.” म्हणून खोके घेतानाच चार-सहा टाइल जास्त घ्याव्यात. मागाहून आणलेल्या टाइलीचा रंग पुष्कळदा जुळत नाही.

राहिला बादलीचा नळ. तो भिंतीच्या मध्यावर हवा होता. उंचीला ६७ सेंटिमीटरवर दोन ओळींची आडवी फट येत होती. नळ आम्ही बरोबर त्या फटीवर घेतला. असे केले की भोक पाडावे लागत नाही. वरच्या टाइलीच्या कडेला अर्धा गोल आणि खालच्या टाइलीच्या कडेला अर्धा गोल कापायचा, दोन्ही जोडले की पाइप मध्ये बसतो. टाइलच्या अगदी मध्यावर नळ घेतला तरी चालते, पण तिथे गोल भोक पाडायचे खास पाते लागते. ते बहुतेक मिस्त्रींजवळ असते, नसेल तर आधी विचारावे. कडेपासून बोटभर आत मात्र भोक कधीही घेऊ नये. तिथे टाइल तडकतेच. नळवाल्याला आणखी एक गोष्ट सांगितली. टाइल आणि माल मिळून भिंत किती पुढे येणार ते धरून पाइपचे तोंड टाइलच्या तोंडाबरोबर आणायचे. तोंड आत राहिले, तर नळाची चकती टाइलला टेकत नाही आणि मागे पाणी जाते.

गिलावा झाल्यावर रेघा पुसल्या गेल्या. म्हणून सगळी मापे आम्ही आधीच वहीत लिहून ठेवली होती. ती पाहून पुन्हा रेघा मारल्या. मिस्त्रीने पहिल्या अख्ख्या ओळीखाली एक सरळ पट्टी ठोकली आणि तिच्यावर टाइल ठेवून वर चढत गेला. खालची कापलेली ओळ त्याने सगळ्यांत शेवटी लावली.

ज्यांच्या घरी पाइप आधीच भिंतीत गेले आहेत, त्यांनी उलटीकडून हिशेब करावा. समजा, नळ ७५ सेंटिमीटरवर निघाला आहे. मग आडवी फट ७५ वर धरावी आणि तिथून वर-खाली मोजावे. याच टाइलीला खालचा तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा येईल आणि सात फुटांवर थांबायचे तर सगळ्यांत वरची ओळ ३७ सेंटिमीटरची कापावी लागेल. वरची ओळ थोडी आखूड दिसेल, पण नळापाशी टाइल फुटणार नाही. भिंतीच्या मध्यावर नळ नसेल, तर उभी फट नळावर धरावी आणि लहान तुकडा दाराआडच्या कोपऱ्यात जाऊ द्यावा.