पावडर की स्प्रे? आधी घाम टिपा!

मे महिना, देहूरोडचं कार्यालय, सकाळी हळद, दुपारी लग्न. मेकअप टिकवायचा कशाने? पावडर आणि स्प्रे, दोन्हींचं काम वेगळं आहे. सेटिंग पावडर चेहऱ्याचं तेल शोषते, म्हणून ती कपाळ, नाक, हनुवटीवर हलकेच दाबून लावायची. डोळ्यांखाली जास्त झाली तर रेषा उठून दिसतात आणि फ्लॅशच्या फोटोत तिथे पांढरटपणा येऊ शकतो. सेटिंग स्प्रे सुकला की मेकअपवर पातळ थर धरतो, पण तेलाचा बंदोबस्त प्रत्येक स्प्रेकडे नसतो. त्यामुळे आधी पावडर, मग डोळे मिटून हातभर अंतरावरून स्प्रे. तो सुकेपर्यंत चेहऱ्याला हात लावायचा नाही! अक्षता पडेपर्यंत घाम आलाच तर न घासता टिश्यूने टिपा, मगच पावडर लावा. ओल्या चेहऱ्यावर ती मारली की फाउंडेशनचे थापे पडतात.