रक्ताचा रंग, रोग्याचे वय

महाराष्ट्रातल्या एखाद्या एसटी स्टँडबाहेरच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ अशी रंगवलेली पाटी बहुतेकांनी वाचलेली असते. शौचावाटे रक्त पडले की घरात पहिला शब्द येतो तोही मूळव्याधच. पंचविशीतल्या मुलाला तेच निदान आणि सत्तरीतल्या आजोबांनाही तेच. डॉक्टर मात्र नाडी आणि रक्तदाब पाहून झाले की दोन गोष्टी विचारतात: रक्ताचा रंग कसा होता, आणि वय किती. या दोन उत्तरांवरूनच पुढचा शोध कुठून सुरू करायचा, हे बऱ्याच अंशी ठरते.

आधी रंगाचे पाहू. जठराच्या पुढे लहान आतड्याचा पहिला भाग संपतो, तिथे आतड्याला एक पट्टा वरून धरून ठेवतो. चेक वैद्यक वाक्लाव ट्राइट्झ यांनी १८५३ मध्ये त्याचे वर्णन केले. या पट्ट्याच्या वरचा रक्तस्राव ‘वरचा’ आणि खालचा तो ‘खालचा’, अशी जुनी विभागणी आहे. वर, म्हणजे जठरातल्या किंवा त्यालगतच्या जखमेतून रक्त आले, की जठरातले आम्ल आणि पुढे आतड्यातले जंतू त्यावर काम करतात. हिमोग्लोबिनचे रूपांतर काळ्या हेमॅटिनमध्ये होते. अशा शौचाला वैद्यकात ‘मेलिना’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘मेलास’ म्हणजे काळा.

मेलिना नुसता काळा नसतो. नुकत्याच ओतलेल्या डांबरासारखा तो चकाकतो, चिकटतो आणि भांड्यावर पाणी ओतले तरी सहज सुटत नाही. त्याचा उग्र वास वॉर्डातल्या अनुभवी परिचारिकेला लांबूनही ओळखता येतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण त्यात हिरवट झाक असते, चिकटपणा नसतो आणि तो वासही नसतो. मेलिना दिसायला वरच्या भागात साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहापेक्षाही कमी रक्त पुरते. मात्र ते आतड्यात कित्येक तास मुरावे लागते. त्यामुळे रक्तस्राव थांबल्यावरही काही दिवस शौच काळेच राहू शकते.

ताजे लाल रक्त याच्या उलट सांगते: जखम गुदद्वाराजवळ असावी. मूळव्याधीचे रक्त शौचानंतर थेंब थेंब पडते किंवा धारेने उडते आणि बहुधा दुखत नाही. फिशर म्हणजे गुदद्वाराची चीर. तिचे रक्त थोडेच, पण वेदना काच कापत गेल्यासारखी. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचे रक्त मात्र मरून किंवा विटकरी रंगाचे, शौचात मिसळलेले येते आणि हळू वाहिले तर काळेही होते.

इथेच फसगत होते. रंग सांगतो तो रक्त आत किती वेळ राहिले याचा हिशेब. जागा आपण त्यावरून अदमासाने काढतो. जठरातला व्रण जोरात फुटला, तर रक्त काळे व्हायला वेळच मिळत नाही आणि खालून लाल रक्ताचा लोट येतो. म्हणून लाल रक्ताबरोबर घाम, चक्कर आणि धावती नाडी असेल, तर जखम वर असण्याची शक्यताही तपासावी लागते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, समजा नाडी ११२ आणि दाब ९८, तर रोगी धोक्यात आहे. अशा वेळी हिमोग्लोबिनच्या अहवालावर विसंबता येत नाही. रक्त सांडल्यावर पहिले काही तास उरलेले रक्त तेवढेच दाट असते, त्यामुळे आकडा चांगला दिसतो.

आता वय. दोन दिवसांच्या बाळाच्या दुपट्यावर रक्त दिसले, तर ते बाळाचे आहे की प्रसूतीत त्याने गिळलेले आईचे, हा पहिला प्रश्न असतो. लिओनार्ड आप्ट यांची १९५५ सालची परीक्षा त्याचे उत्तर देते. रक्ताळलेले शौच पाण्यात कालवून वरचे गुलाबी पाणी वेगळे काढतात आणि त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण घालतात. दोनेक मिनिटांत रंग पिवळट तपकिरी झाला, तर रक्त आईचे. गुलाबी टिकला, तर बाळाचे, कारण गर्भातले हिमोग्लोबिन अल्काला दाद देत नाही. पण शौच आधीच काळे असेल, तर परीक्षा निरुपयोगी: ज्याची पारख करायची, ते हिमोग्लोबिन हेमॅटिन होऊन गेलेले असते.

सहा-आठ महिन्यांच्या बाळात दुखणे वेगळे. बाळ एकाएकी पाय पोटाशी घेऊन कळवळते, मग मलूल होऊन निपचित पडते, पुन्हा किंचाळते. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात, तसा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. लाल जेलीसारखे शौच बरेच उशिरा येते, म्हणून त्याची वाट न पाहता सोनोग्राफी करतात. वेळेत आलेल्या बहुतेक बाळांत गुदद्वारातून हवा किंवा सलाइन दाबाने सोडून आतडे मोकळे करता येते.

दोन वर्षांच्या आसपास, न दुखता बरेच रक्त गेले, तर मेकेलची पिशवी आठवावी. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचा उगम सांगितला: गर्भातली बेंबीकडे जाणारी नळी पूर्ण मिटत नाही. तिच्यात कधीकधी जठराचे अस्तर असते. ते आम्ल सोडते आणि शेजारच्या आतड्याला व्रण पडतो. शाळेच्या वयाच्या मुलात शौचावर लाल रेघ दिसते ती बहुधा चिरेची, किंवा देठावर लोंबणाऱ्या साध्या पॉलिपची.

तरुणपणी मूळव्याध आणि फिशर खरोखरच आघाडीवर असतात. पण आव, रक्त आणि वारंवार शौचाची घाई असेल, तर अमीबा, शिगेला किंवा आतड्याचा दीर्घ दाह पाहावा लागतो. आपल्याकडे तापाचा तिसरा आठवडा आणि लाल शौच ही जोडी टायफॉइडच्या व्रणाची असू शकते.

साठीनंतर यादी पालटते. मोठ्या आतड्याच्या भिंतीतले फुगवटे, जीर्ण होऊन पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि कर्करोग पुढे येतात. मूळव्याध तेव्हाही असतेच, आणि धोका तिथेच आहे: ती सापडली की शोध थांबतो.

अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन ७४ वर्षांचे होते. मार्च १९८५ च्या तपासणीत त्यांच्या शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त आढळले. आखूड दुर्बीण घातली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात एक लहान पॉलिप दिसला. रक्ताचे कारण मिळाले असे समजून थांबता आले असते. तो पॉलिप काढायला ते १२ जुलैला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात गेले, आणि त्या वेळी डॉक्टरांनी लांब दुर्बीण मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली. तिथे, उजवीकडच्या सुरुवातीच्या पिशवीत, मोठी गाठ होती. ती भिंतीच्या स्नायूपर्यंत शिरली होती, पण लसिकाग्रंथींत पोहोचली नव्हती. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेत सुमारे दोन फूट आतडे काढले गेले. त्यानंतर रेगन जवळपास १९ वर्षे जगले. २००४ मध्ये, ९३ व्या वर्षी ते वारले, तेव्हा अल्झायमर त्यांना दहा वर्षे ग्रासत होता.