दालचिनी, साखर आणि यकृत

इन्सुलिनचा निरोप मिळाला की पेशीच्या आतले ग्लुट-४ हे वाहक प्रथिन पृष्ठभागावर येते आणि साखर आत घेते. मधुमेहात हा निरोप क्षीण होतो. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड तो बळकट करत असावे, असे पेशींवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग सुचवतात. माणसांतले निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

खरी काळजी कुमारिनची. बाजारातल्या जाड, कडक कॅसिया सालीत ते ग्रॅमला साधारण ३ मिलिग्रॅम असते. युरोपीय मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६. दोन ग्रॅम पुडीतच ती गाठली जाते. काहींच्या यकृताला त्याने इजा होते. पातळ पदरांच्या सिलोन दालचिनीत कुमारिन नगण्य असते. पुडीवरून जात ओळखता येत नाही, म्हणून रोज घ्यायची तर अख्खी सिलोन सालच घ्या, तीही डॉक्टरांना विचारून.