आधी भरलेले मूत्राशय, मग रिकामे

ओटीपोटाच्या सोनोग्राफीत ध्वनिलहरींची मुख्य अडचण आतड्यातला वायू असतो. लहरी त्याच्यावरून परततात आणि मागचे गर्भाशय दिसत नाही. मूत्राशय भरले की आतडी वर सरकतात आणि लघवीतून लहरी विनाअडथळा जातात. म्हणून रुग्ण सरकारी रुग्णालयात जावो की खासगी केंद्रात, तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखायला सांगितले जाते. कळ असह्य होईपर्यंत मात्र थांबू नये. फार ताणलेले मूत्राशय गर्भाशयाला दाबून चित्र बिघडवते.

पोटावरचा प्रोब साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा असतो. त्याच्या लहरी खोल जातात, पण बारकावे कमी टिपतात. योनीमार्गातला प्रोब 5 ते 9 मेगाहर्ट्झचा. तो अवयवांच्या अगदी जवळ असल्याने बारीक तपशील दाखवतो, पण दूरचे नाही. या आतल्या तपासणीसाठी मूत्राशय रिकामे लागते.

समजा, पाळी चुकलेल्या स्त्रीच्या पोटात एका बाजूला दुखते आहे. पाचव्या आठवड्यात पोटावरून गर्भपिशवी बहुधा दिसत नाही. आतून दिसू शकते. गर्भाशय रिकामे आणि शेजारी गाठ दिसली, तर नलिकेतील गर्भाची शंका येते. उलट बेंबीपर्यंत वाढलेली फायब्रॉइडची गाठ आतल्या प्रोबच्या टप्प्यात पूर्ण येत नाही. ती पोटावरूनच मोजावी लागते.

लैंगिक संबंध न आलेल्या मुलींची आतून तपासणी सहसा करत नाहीत. इतरांनाही नकार देता येतो.